हात कानाला लागतो का

माझे वडील देवगाव रंगारीच्या शाळेत गुरुजी होते. पोराचं वय ओळखायची त्यांची एक पद्धत होती, आणि तिला खर्च शून्य. पोराला समोर उभं करायचं आणि सांगायचं, उजवा हात डोक्यावरून घे अन् डावा कान धर. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण. नाही लागली तर बापाला सांगायचं, पुढच्या साली आणा.

जन्मतारीख विचारण्यात अर्थ नसायचा. विचारली तर उत्तर यायचं, "पोळ्याच्या आसपास झालं बघा, लई पाऊस होता." कुठल्या सालचा पोळा, हे आईला एक आठवायचं, बापाला दुसरं. मग वडील दाखल-खारीज रजिस्टर उघडत आणि सहा वर्षं मागं जाऊन लिहीत, एक जून. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून एक जून. आसपासच्या सगळ्या शाळांत सगळे गुरुजी हेच करत होते, त्यामुळं आमच्या भागातली अर्धी माणसं एकाच दिवशी जन्मली. तीच माणसं पुढं नोकरीला लागली आणि एकाच दिवशी, एकतीस मेला, निवृत्तही झाली. वडिलांच्या निरोप समारंभाला एका मांडवात इतके सत्कारमूर्ती होते की समोर बसायला माणसं कमी पडली. वडिलांचीही तारीख एक जूनच, कारण त्यांच्या गुरुजींनीही त्यांचा कान बघितला होता.

माझा जन्म दिवाळीतला. वडील स्वतः दवाखान्याच्या ओसरीवर बसून होते, तारीख त्यांना तोंडपाठ. पण मला एक वर्ष आधी शाळेत घालायची त्यांना घाई होती, म्हणून माझ्यापुढंही त्यांनी एक जून लिहून टाकला. बाकीच्यांचं ठीक आहे, त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं, असं मी त्यांना आजवर अनेकदा ऐकवलं आहे. ते म्हणतात, "कागदाला काय फरक पडतो? तुला दिवाळीत साडी घेतो ना." आणि घेतातही.

हे सगळं सांगायचं कारण माझी नोकरी. आधीची कचेरी बंद पडल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मला सिडकोत एका मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर काम मिळालं. लग्न जुळवणाऱ्या एका ॲपसाठी नव्या लोकांची कागदपत्रं तपासायची. आम्ही पाच-सहा जण, एक कूलर, आणि आमचा टीम लीड, जो माझ्या भाच्याच्या वयाचा आहे आणि मला ताई म्हणतो. मला तो आवडतो. फक्त त्याला वाटतं की जगातला प्रत्येक प्रश्न पडद्यावर एक चौकोन वाढवला की सुटतो.

त्यातला आमच्या कामाचा चौकोन त्यानं मला पहिल्याच आठवड्यात समजावला. ॲपवर नाव घालायला मुलगी अठरा पूर्ण हवी, मुलगा एकवीस. पूर्वी सगळ्यांकडून आधार कार्डाचा फोटो मागत. लोक बिथरायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. लग्नाळू मुलीचा फोटो, पत्ता, जन्मतारीख असं सगळं एका ठिकाणी साठवलेलं, ते उद्या कुणाच्या हाती पडेल काय सांगावं? म्हणून आता आधी सेल्फी. मुलीनं फोनसमोर चेहरा धरायचा, फोन सांगेल तशी मान इकडंतिकडं वळवायची, म्हणजे समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळतं. मग मशीन चेहऱ्यावरून वयाचा अंदाज करतं आणि सेल्फी तिथल्या तिथं पुसून टाकतं.

"मशीनला ती कोण आहे ते कळत नाही, ताई," लीड म्हणाला. "फक्त किती वर्षांची दिसते एवढंच."

"दिसते," मी म्हणाले.

"हो, दिसतेच. म्हणून तर मध्ये जागा ठेवलीये."

ती जागा अशी. अंदाज दोन-चार वर्षं इकडंतिकडं होतो, कधी जास्तही. म्हणून मुलींची रेघ अठरावर न मारता तेविसाच्या आसपास मारलेली. त्या रेघेच्या वर दिसली तर मुलगी सरळ पुढं. रेघेखाली दिसली तर पडद्यावर येतं, "चेहऱ्यावरून वयाची खात्री झाली नाही, कृपया वयाचा पुरावा जोडा." म्हणजे ती लहानच आहे असं मशीन म्हणत नाही. ते म्हणतं, मला सांगता येत नाही, कागद बघा. आणि कागद बघायला मी. मुलीचा चेहरा मला कधीच दिसत नाही, मशीनचा आकडाही नाही. "रेघेखाली" एवढा एक शब्द, आणि खाली कागद. चाचणीच्या वेळी लीडनं नुकतीच मिशी काढली होती. मुलांसाठी मारलेल्या रेघेनं त्याच्याकडंच पुरावा मागितला. तो दिवस ऑफिसात फार आनंदात गेला.

वर्षाच्या सुरुवातीला मुख्य ऑफिसातून एक नवा नियम आला. ज्यांची जन्मतारीख एक जून, ते सगळे संशयित. कारण आमच्या भागातून एक जूनवाले इतके येतात की तिकडच्या कुणालातरी वाटलं, इथं कुणीतरी खोटे दाखले छापण्याचा कारखाना काढलाय. मला असा संताप आला की मी जेवणाची सुट्टी त्यांना पत्र लिहिण्यात घालवली. लिहिलं, आमच्याकडची पन्नाशी-साठीची माणसं, दुसऱ्या लग्नासाठी नाव घालणारी विधुर माणसं, ही सगळी एक जूनची आहेत. ती खोटी नाहीत, त्यांच्या गुरुजींचा नाइलाज होता. माझं आधार कार्ड बघा, हवं तर. नियम मागं घेतला गेला. लीडनं मला समोसा खाऊ घातला आणि आठवडाभर मी ताठ मानेनं फिरले.

मग गंगापूरकडच्या एका मुलीची फाइल आली.

रेघेखाली. जोडलेला कागद, शाळा सोडल्याचा दाखला. शिक्का होता, मुख्याध्यापकांची सही होती, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. एक जून. अठरा पूर्ण होऊन थोडे महिने. आमच्या नियमाप्रमाणं मशीनचा अंदाज आणि कागद यांत फरक पडला तर कागद मोठा. माझं बोट मंजुरीच्या बटणावर होतं, तेवढ्यात मदतीच्या नंबरावर फोन वाजला. त्याच फाइलमधल्या मुलीचा भाऊ. ॲपवरचं खातं त्याच्या नंबरावर होतं, जसं आमच्याकडं बहुतेक मुलींचं असतं.

"मॅडम, कामून अडवलंय?" तो म्हणाला. "पोरीचा चेहरा घेतला, मान वळवायला लावली, वरून म्हणता खात्री नाय. तुमचं मशीन कुठं बनलं? गोऱ्या लोकांचे चेहरे बघून बनवलं असंल. आमच्या रानातल्या पोरी सावळ्या, बारक्या. त्याला काय कळतंय?"

मला पटलं. खरंच पटलं. अशी मशीनं सगळ्या चेहऱ्यांवर सारखी चालत नाहीत, हे आम्हाला शिकवतानाच सांगितलं होतं. ज्या प्रकारचे चेहरे त्यांनी कमी पाहिले, तिथं ती जास्त चुकतात. त्यात खोलीत उजेड कमी, फोन स्वस्तातला. एक जूनवरून नुकतीच भांडलेली मी, मला तो माझ्याच बाजूचा वाटला.

"आधार कार्ड जोडलं असतं तर लवकर झालं असतं," मी म्हणाले. त्या कार्डावरचा चौकोनी कोड वाचला की छापलेली तारीख कुणी खोडली आहे का, ते लगेच कळतं. दाखल्याला तसलं काही नसतं.

"आधार नाय देणार. बहिणीचा फोटो, पत्ता तुमच्याकडं ठेवायचा? कोण बघतंय, कुठं जातंय, काय भरवसा? तुमच्या घरची पोरगी असती तर दिला असता का?"

मला लेक नाही. पण असती तर नसता दिला. मी त्याला म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत कळवते. आणि फाइल मंजूर न करता तशीच ठेवली. नियमात तसं काही बसत नव्हतं. तो एवढ्या नेमक्या शब्दांत बरोबर बोलला होता की मलाच कुठंतरी खटकलं. खात्रीनं मात्र काही सांगता आलं नसतं.

घरी आले तर पाणी यायचा दिवस होता. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी येतं आणि त्या दिवशी वडील सेनापती होतात. वय झालंय तरी पाइप स्वतः धरतात. टाकी भरेपर्यंत बाजूला उभं राहून मी त्यांना विचारलं, नाव-गाव काही न सांगता, की हल्लीच्या अठरा वर्षांच्या पोरीच्या दाखल्यावर एक जून असला तर काय समजायचं.

वडिलांनी पाइप खाली ठेवला.

"हल्लीच्या?" ते म्हणाले. "हल्लीची पोरगी दवाखान्यात होते. दवाखाना नोंद करतो, मग जन्माचा दाखला मिळतो. शाळा तोच मागते. कान कोण बघतंय आता? एक जून आम्ही लिहायचो, कारण आम्हाला माहीत नसायचं. ह्या पोरीची तारीख कुणालातरी माहीत असणार."

"एक जूनला खरंच कुणी जन्मत नाही का?"

"जन्मतात ना. वर्षात जितके दिवस, तितक्यातला तोही एक." त्यांनी पाइप उचलला. "पण खोटी तारीख लिहायची झाली, तर आपल्याकडच्या माणसाला पहिली कुठली सुचेल? बापाची एक जून, आजाची एक जून. हात आपोआप तिथंच जातो."

ते पुढं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, त्यांच्या शाळेत एक पोरगी होती, भावाचं बोट धरून रोज यायची आणि बाहेर पायरीवर बसायची. तिला आत यायचं होतं. कान बघायची वेळ आली तेव्हा तिचा हात काही पुरेना. मग तिनं हळूच मान वाकवली आणि कानच हाताकडं नेला. वडिलांनी ते बघितलं.

"मग?"

"मग काय. लागला म्हणालो."

दुसऱ्या दिवशी मी लीडला सांगितलं. दाखल्यावर संशय आहे असं म्हणाले, आणि त्याचं कारण काय तर एक जून. तो माझ्याकडं बघतच राहिला. "ताई, त्याच एक जूनसाठी तुम्ही पत्र लिहिलं होतं."

"पन्नाशीच्या माणसांसाठी लिहिलं होतं. अठराच्या पोरीसाठी नाही."

यावर तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. दुसरा पुरावा मागायची मुभा आम्हाला होतीच. आणि आता आधारच्या ॲपमधून एक सोय आली आहे, तीही त्यानंच मला दाखवली होती. फोटो नाही, पत्ता नाही, तारीखसुद्धा नाही. समोरच्याला फक्त कळतं, अठरा पूर्ण आहेत की नाहीत. मला ती सोय फार आवडते. दुकानदाराला नोट दाखवावी आणि पाकीट उघडू नये, तसं आहे ते.

मी भावाला फोन लावला आणि मनापासून आनंदानं सांगितलं. म्हणाले, तुमची काळजी अगदी रास्त होती. आता तुमच्या बहिणीचं काहीच आमच्याकडं येणार नाही. फोटोही नाही. हो की नाही, एवढंच.

त्याच्या मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता.

"बघतो," तो म्हणाला. "नेट नाय इकडं." आणि फोन ठेवला.

आदल्या दिवशी ज्या माणसाला दहा वाक्यं सुचत होती, त्याला एवढंच सुचलं. दाखला खोटा आहे हे मला त्या क्षणी कळलं, पण कळून उपयोग काय? माझ्या हातात होतं ते एवढंच की पुरावा न मिळाल्यानं फाइल तशीच पडून राहील. ती काही दिवसांनी आपोआप बंद होते. मग ते दुसऱ्या ॲपवर जातील, जिथं कुणी काही विचारत नाही, नाहीतर कुणा मामाकडून स्थळ काढतील. मला चहा प्यावासा वाटेना.

दुपारी मदतीचा नंबर वाजला. अनोळखी नंबर. पोरीचा आवाज, दबका.

"ते लग्नाच्या ॲपचं ऑफिस हाय का?"

मी हो म्हणाले. तिनं भावाचा नंबर सांगितला, ज्यावर खातं होतं. म्हणाली, "त्याच्यात माझं नाव हाय. ताई, मला नापास करा."

दिवसभर माणसं मला फोन करतात ती पास करा म्हणून. मी विचारलं, तू तीच आहेस हे मी कसं ओळखू? ऐकायला क्रूर वाटेल, पण माझं कामच ते.

"मला आधी म्हणलं, फोन डोळ्यासमोर धरा," ती म्हणाली. "मग उजवीकडं बघा, मग डावीकडं. दादानं फोन धरला होता, त्याचा हात हलला तर परत करायला लावलं. मग लिहून आलं, वयाची खात्री झाली नाय. दादा चिडला. मी मोरीत जाऊन बसले."

"रडायला?"

"नाय. हसायला." ती थांबली. "घरात मी सगळ्यांला सांगून बघितलं, मी लहान हाय म्हणून. आई म्हणती, दिसत नाहीस. आत्या म्हणती, दिसत नाहीस. दादानं दाखला आणला कुठून तरी. दहावीची परीक्षा दिलीय मी ह्या साली. त्या मशीनला तेवढं दिसलं. बघितल्या बघितल्या ओळखलं त्यानं. मग तुम्ही कागद कामून मागितला?"

मी तेव्हा तिला खरं सांगायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. मशीननं तिला ओळखलं नव्हतं. रेघ तेविसावर होती. एकवीस-बावीसच्या कितीतरी पोरींना ते हेच वाक्य दाखवतं, मिशी काढलेल्या आमच्या लीडलाही दाखवलं. त्याला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि जे दिसलं तेही त्यानं तिथंच पुसून टाकलं. पण त्या घरात एवढ्या माणसांमधून तिच्या बाजूनं आलेलं ते एकच वाक्य होतं. ते मी तसंच राहू दिलं.

मी म्हणाले, "नापास करते. पण ॲपवर नापास होऊन लग्न थांबेल का?"

"नाय."

"मग मुलांसाठीचं सरकारी ऑफिस असतं जिल्ह्याला. तिथं सांगू?"

"दादाला कळंल."

"कुणी कळवलं ते तिथली माणसं सांगत नाहीत. तुझ्या फोनबद्दल तर मी त्यांनाही नाही सांगणार."

मला मागं एका बाईचा आवाज ऐकू आला, म्हणजे फोन कुणा शेजारणीचा असावा. मग ती म्हणाली, "सांगा. पण मशीननी सांगितलं म्हणा. माणसाचं नाव घेऊ नका. मशीनला कोण मारणार?"

फोन बंद झाला. मला त्या भावाचा इतका राग आला होता की तो समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती, आणि मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही. लीडनं माझ्यापुढं पाण्याची बाटली ठेवली. मग आम्ही कंपनीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं, लोकांची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, हा नियम आहे. पण लहान मुलाला धोका असेल तर बालसंरक्षणाच्या कार्यालयाला गरजेपुरतं कळवता येतं, कळवायलाच हवं. गरजेपुरतं म्हणजे काय, यावर आम्ही तासभर बसलो. दाखला, गाव, खात्यावरचा नंबर, बस्स. सेल्फी मागितला तर देण्यासारखा नव्हताच. आणि पोरीच्या फोनची नोंद मी आमच्या यादीत "चौकशी" एवढ्याच शब्दात केली, म्हणजे उद्या कुणी ती यादी उघडली तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही.

मग फाइल बंद करायची राहिली. बंद करताना कारण निवडावं लागतं, आणि तेच कारण शब्दशः खात्यावरच्या फोनवर जातं. भावाच्या हातातल्या फोनवर. यादीत एक कारण होतं, "कागदपत्र संशयास्पद." तेच खरं होतं. पण ते वाचून तो आधी घरात विचारील, कुणी सांगितलं? दुसरं कारण होतं, "चेहऱ्यावरून वयाची खात्री होऊ शकली नाही." मी लीडकडं बघितलं. नियमाचं त्याला फार असतं. तो म्हणाला, "तेही खोटं नाहीये, ताई." मी दुसरं निवडलं.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. कार्यालयाकडून आम्हाला काही कळवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तेच बरोबर होतं. मी रोज फाइली बघत होते. रेघेखालच्या प्रत्येक मुलीपाशी आता माझा हात रेंगाळायचा, आणि त्यातल्या बहुतेक खरंच वीस-बावीसच्या निघायच्या. उगीच ताटकळल्या बिचाऱ्या. त्यांच्यातल्या एकीनं तर मला फोनवर झाडलं, मी एमएससी करतेय, माझा चेहरा लहान आहे हा माझा गुन्हा आहे का? तिचंही बरोबर होतं.

मग एका दुपारी भावाचा फोन आला. आवाज चढलेला.

"तुमचं मशीन लई शहाणं झालंय, मॅडम," तो म्हणाला. "त्यानं सरकारला कळवलं. ग्रामसेवक आला, अंगणवाडीची बाई आली, सगळ्या गल्लीनं बघितलं. लिहून घेतलं माझ्याकडून, अठरा होईस्तोवर लग्न करणार नाय म्हणून. आता अकरावीला टाकलंय तिला गंगापूरला. झालं का समाधान तुमच्या मशीनचं?"

"कळवते मशीनला," मी म्हणाले.

त्यानं एक शिवी दिली. ती मशीनला होती की मला, हे मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. ती मोरीत का हसली होती, ते मला तिथं कळलं.

काही दिवसांनी तिची बंद फाइल ठेवायची मुदत संपली. त्यानंतर कागद आम्ही ठेवत नाही. दाखला गेला, नंबर गेला, नाव गेलं. तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. उद्या गंगापूरच्या बस स्टँडवर ती माझ्या शेजारी येऊन बसली तरी मला कळणार नाही, आणि ते तसंच असायला हवं.

घरी आले तेव्हा वडील टाकीत वाकून पाणी किती उरलंय ते बघत होते. गाव नाही, नाव नाही, एवढंच सांगितलं की एक पोरगी होती आणि ती शाळेत गेली. ते सरळ झाले, हात पुसले.

"म्हणजे हात पुरत होता का नव्हता?"

"पुरत नव्हताच," मी म्हणाले. "घरचे ओढून कानाला लावत होते, तिनं आखडून धरला. आम्ही ते बघितलं. नाही लागला म्हणालो."